आधी ट्यूबलाइट बंद करा

व्हॉट्सॲपवर फिरणारे कोल्हापुरी चपलांचे फोटो बहुतेक एकाच जातकुळीचे असतात. चकचकीत टाइल्सवर ठेवलेला जोड, वरून ट्यूबलाइट, पट्ट्यावर फ्लॅशचा पांढरा डाग, तळावर फोन धरलेल्या हाताची सावली आणि कोपऱ्यात डोकावणारा कुणाचा तरी अंगठा. तीच चप्पल हातात घेतली तर वेणी बोटाला जाणवते. तळावरची ठोक्यांची नक्षी दिसते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचा फिकट तांबूस रंग चटकन ओळखू येतो. फोटोत यातलं काहीच उतरलेलं नसतं. एक सपाट तपकिरी आकार असतो आणि खाली किंमत लिहिलेली असते.

मग दोष फोनवर जातो. भावाचा महागडा फोन मागून आणला जातो, त्याच टाइल्सवर, त्याच ट्यूबखाली पुन्हा फोटो काढले जातात, आणि तोच सपाट आकार आता जरा जास्त स्पष्ट दिसतो. खरं तर अलीकडच्या दहा-बारा हजारांच्या फोनचा मुख्य कॅमेरासुद्धा दिवसाच्या उजेडात कॅटलॉगपुरतं काम चोख करतो. कमी पडतो तो उजेड, आणि त्यातही उजेडाच्या प्रमाणापेक्षा त्याची दिशा.

वेणीचा उंचसखलपणा डोळ्यांना कळतो तो सावल्यांमुळे. गुंफलेल्या प्रत्येक पट्टीची एक बाजू उजळ आणि दुसरी गडद असली, तरच ती वर आलेली वाटते. फोनचा फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो. त्यामुळे त्याच्या उजेडाने पडणारी सावली वस्तूच्या मागे, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारच नाही अशा जागी जाते. छतावरच्या ट्यूबचा उजेड वरून येतो आणि भिंतींवर आपटून सगळीकडून परततो, म्हणून तीही फारशी मदत करत नाही. खिडकी मात्र एका बाजूला असते. तिचा उजेड चपलेवरून आडवा सरपटत जातो आणि वाटेत येणारा प्रत्येक टाका, प्रत्येक ठोका आपली छोटीशी सावली पाडतो. चामडं चामड्यासारखं दिसायला लागतं ते या सावल्यांमुळे.

तर एक टेबल घ्यावं, साधारण दोन बाय तीन फुटांचं, आणि ते खिडकीशेजारी असं लावावं की फोटो काढणाऱ्याच्या डाव्या किंवा उजव्या हाताला खिडकी येईल. खिडकीकडे पाठ करून उभं राहिलं तर उजेड पुन्हा समोरूनच पडतो आणि स्वतःची सावली मालावर येते. खिडकीकडे तोंड केलं तर चप्पल काळी आणि मागचं सगळं पांढरंफटक होतं. बरोबर जागा शोधायची युक्ती सोपी आहे. चपलेच्या जागी आपली मूठ धरावी आणि मनगट हळूहळू फिरवावं. बोटांच्या पेरांमधल्या खाचा ज्या बाजूने ठळक दिसतात, त्या बाजूने चपलेची वेणीही खुलते. बहुतेक वेळा उजेड अगदी काटकोनात न येता किंचित मागून, म्हणजे वस्तूच्या मागच्या कोपऱ्यातून आला, तर पोत अधिक उठून दिसतो.

टेबल खिडकीपासून किती लांब ठेवायचं, हा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. अगदी खिडकीला चिकटून ठेवलं तर जोडातली खिडकीकडची चप्पल झगझगीत होते आणि पलीकडची अंधारात जाते, कारण उगमाजवळ उजेड झपाट्याने कमी होत जातो. फार लांब नेलं तर दोन्ही चपला सारख्या उजळतात खऱ्या, पण उजेड मंदावतो आणि सावल्यांच्या कडा टोकदार होतात. सावलीचा मऊपणा ठरतो तो वस्तूच्या जागेवरून खिडकी किती मोठी दिसते यावर. चार फुटी खिडकी दोन फुटांवरून प्रचंड असते, दहा फुटांवरून लहानसा चौकोन. चपलांच्या एका जोडासाठी दोन ते तीन फुटांचं अंतर बहुतेक घरांत जमून जातं. एकच छोटी वस्तू असेल, कानातलं किंवा लोणच्याची बरणी, तर आणखी जवळ सरकायला हरकत नाही.

आता खिडकी कुठली, हा प्रश्न. युरोपातल्या जुन्या चित्रकारांपासून चालत आलेला सल्ला असा की उत्तरेची खिडकी निवडावी, कारण तिच्यातून थेट ऊन येत नाही. आपल्याकडे तो बहुतेक वर्षभर चालतो, पण सगळं वर्ष नाही. कोल्हापुरात मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. मुंबई-पुण्यातही काही दिवस पुढेमागे हेच घडतं. त्या काळात उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरू शकतं. म्हणून दिशेपेक्षा सोपी कसोटी बरी. टेबलावर कडक कडांचा उन्हाचा पट्टा पडलाय का? पडला असेल तर दुसरी खिडकी किंवा दुसरी वेळ पाहावी. पूर्वेची खिडकी दुपारनंतर चालते, पश्चिमेची सकाळी.

दुसरी खिडकीच नसेल तर तिच्यावर पांढरं कापड ताणावं. जुनं, धुऊन मऊ झालेलं धोतर यासाठी उत्तम, कारण विणीतून उजेड गाळला जातो आणि ऊन पडलेलं अख्खं कापडच दिव्यासारखं उजळतं. मात्र कापड खरंच पांढरं हवं. पिवळट पडद्यातून आलेला उजेड चपलेलाही पिवळं करतो. हीच गोष्ट खिडकीबाहेरच्या जगाची. समोर गर्द आंब्याचं झाड असेल तर हिरवट छटा येते, शेजारची इमारत गुलाबी रंगवलेली असेल तर गुलाबी. घरात वावरताना आपल्याला हे जाणवत नाही, पण कॅमेरा ते टिपतो.

ट्यूबलाइट बंद करण्याचं कारणही रंगच. खिडकीतला उजेड निळसर, जुना बल्ब किंवा वॉर्म एलईडी पिवळा, आणि ट्यूबची छटा कधी कधी हिरव्याकडे झुकलेली. फोन आपल्या परीने एकच तडजोड निवडतो आणि संपूर्ण फोटोला तीच लावतो. त्यामुळे चपलेची खिडकीकडची बाजू निळी आणि आतली बाजू पिवळी असा दुरंगी प्रकार तयार होतो. नंतर कुठल्याही ॲपमध्ये तो नीट करता येत नाही, कारण निळं घालवायला गेलं की पिवळं वाढतं. उजेड मंद असला तरी एकाच जातीचा असावा. अंधार वाटतो म्हणून दिवा लावायचा मोह होतो तेव्हा फोन स्टँडवर किंवा डब्यांच्या चळतीला टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावावा. बटण दाबताना बसणारा हादरा टळतो आणि कमी उजेडातही फोटो स्पष्ट येतो.

खिडकीच्या उलट बाजूला मात्र एक मदतनीस लागतो. आडव्या उजेडात चपलेची आतली बाजू फार काळी पडते. तिथे, फोटोच्या चौकटीबाहेर, पांढरा पुठ्ठा उभा करावा. टीव्हीच्या खोक्यातून निघालेला थर्माकोलचा तुकडाही चालतो. खिडकीतून आलेला उजेड त्यावर आपटून परत येतो आणि सावली पुसून न टाकता फक्त सैल करतो. पुठ्ठा हाताने पुढे-मागे सरकवत फोनच्या पडद्यावर पाहिलं तर हा फरक लगेच कळतो. तो अगदी जवळ आणला तर सावल्याच नाहीशा होतात आणि चप्पल पुन्हा टाइल्सवरच्या फोटोसारखी सपाट होते. साधारण फूटभर अंतरावर थांबावं. काळ्या चामड्याच्या चपलेसाठी कधी कधी उलटं करावं लागतं. पांढऱ्याऐवजी काळा कार्डशीट उभा केला की कडा गडद होते आणि पांढऱ्या कागदासमोर आकार रेखीव दिसतो.

पार्श्वभूमीच्या बाबतीत छोटे विक्रेते सजावटीकडे फार झुकतात. झेंडूच्या पाकळ्या, प्लास्टिकचा गुलाब, जरीचं कापड, मागे फेट्याची घडी. हौस समजण्यासारखी आहे, पण मोबाइलच्या पडद्यावर हा फोटो तळहाताएवढाही नसतो आणि तेवढ्या जागेत झेंडू चपलेपेक्षा आधी दिसतो. योहानेस फर्मिअर या डच चित्रकाराचं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. डावीकडे खिडकी, मागे जवळपास रिकामी पांढरी भिंत आणि टेबलावर पाव. त्या पावाचा प्रत्येक कण उजेडात चमकतो. २०२२ मध्ये संग्रहालयाच्या संशोधकांनी या चित्राची तपासणी केली, तेव्हा रंगाच्या थराखाली मागच्या भिंतीवर भांडी टांगायची फळी आणि जमिनीवर शेगडीजवळ वापरायची टोपली सापडली. फर्मिअरने ती आधी रंगवायला घेतली होती आणि नंतर स्वतःच झाकून टाकली.

टेबलावर हेच करायला एक कार्डशीट पुरतो. स्टेशनरीच्या दुकानात २२ बाय २८ इंचांचा मोठा पांढरा कार्डशीट मिळतो. त्याची वरची कड भिंतीला किंवा उभ्या खोक्याला चिकटपट्टीने लावायची आणि उरलेला कागद घडी न घालता वळवून टेबलावर सोडायचा. भिंत आणि टेबल जिथे मिळतात तिथे रेघ न पडता गोल उतार तयार होतो. त्यामुळे चपलेच्या मागे काही संपतं-सुरू होतंय असं वाटतच नाही. कागदाला सुरकुती पडली की तो बाद समजावा, कारण जो आडवा उजेड वेणी दाखवतो तो सुरकुतीही तितक्याच इमानाने दाखवतो. चप्पल मागच्या उतारापासून किमान फूटभर पुढे ठेवली तर तिची सावली कागदाच्या उभ्या भागावर चढत नाही.

पांढरंच हवं असं नाही. फिकट तांबूस चामडं पांढऱ्यावर स्वच्छ दिसतं, करड्यावर जास्त उबदार दिसतं. पॉलिश न केलेली शहाबादी फरशी हा आपल्याकडचा फुकटातला करडा पडदा आहे. तिला चमक नसते, नक्षी नसते आणि रंगही निरुपद्रवी असतो. जुन्या घराच्या ओसरीवर ती असेल तर तिथेच, छपराच्या सावलीत, उजेड एका बाजूने येईल अशी जागा पाहून काम भागतं. लाल किंवा तपकिरी जमिनीवर मात्र कोल्हापुरी ठेवू नये. तिथे ती हरवते.

पांढरा कागद घातल्यावर नव्याने हा उद्योग करणारे हमखास एका गोष्टीला अडखळतात. डोळ्यांना पांढराशुभ्र दिसणारा कागद फोटोत मळकट राखाडी येतो. फोनचा यात दोष म्हणावा तर तो फक्त त्याच्या सवयीचा. समोर काय आहे ते त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो सरासरी उजेड मधल्या करड्या पातळीवर आणू पाहतो. चौकटीचा बहुतांश भाग पांढरा असला की त्याला उजेड जास्त झाल्यासारखं वाटतं आणि तो सगळंच गडद करतो. उपाय असा की पडद्यावर चपलेवर बोट ठेवून जरा दाबून धरावं. आयफोनवर AE/AF LOCK अशी पट्टी येते, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर कुलपाचं चिन्ह येतं. मग शेजारी दिसणारं सूर्याचं चिन्ह किंवा सरकपट्टी थोडी वर ओढावी. कागद पांढऱ्याच्या जवळ आला आणि तरीही पट्ट्यावरच्या सोनेरी जरीचे धागे वेगवेगळे दिसत असतील, तर तिथेच थांबायचं. जरीचा एकसंध पांढरा ठिपका झाला असेल तर जास्त झालं. काळपट फोटो नंतर थोडा उजळता येतो, पण पांढऱ्यात बुडालेली जरी परत आणता येत नाही.

पुढची गोष्ट अंतराची, या वेळी फोनच्या. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद दृश्य टिपणारा असतो. तो चपलेच्या पुढे वितीवर नेला तर अंगठ्याची बाजू फुगते आणि टाच आक्रसते. गिऱ्हाइकाला वाटतं, ही चप्पल पुढे रुंद आणि मागे निमुळती आहे. साइजवरून होणारे निम्मे वाद इथूनच सुरू होत असावेत. त्यापेक्षा तीनेक फूट मागे सरकून 2x निवडावं. त्याने आकार खरा राहतो, आणि फोन लांब असल्यामुळे त्याची सावलीही पडत नाही. काही नव्या फोनना आणखी एक खोड असते. वस्तूच्या फार जवळ गेलं की ते न विचारता मॅक्रोवर, म्हणजे अतिरुंद कॅमेऱ्यावर उडी मारतात. फ्रेम एकदम हलल्यासारखी वाटली आणि कोपऱ्यात फुलाचं चिन्ह आलं, तर तेच झालंय. ते चिन्ह दाबून बंद करावं किंवा मागे सरकावं. लेन्स पुसायला विसरू नये, हे लिहायची गरज नसावी, पण खिशातून निघालेल्या फोनवर बोटाचा तेलकट ठसा असतोच आणि खिडकीच्या उजेडात तो सगळ्या फोटोवर धुरकट पडदा धरतो.

समजा, या पद्धतीने एका जोडाचे फोटो काढायचे आहेत. पहिला फोटो दोन्ही चपलांचा, थोडा वरून, अंगठे कॅमेऱ्याकडे किंचित तिरके. दुसरा एकाच चपलेचा बाजूने, फोन टेबलाच्या पातळीवर उतरवून, म्हणजे तळाची जाडी आणि टाचेची उंची कळते. तिसरा वेणी आणि गोंड्याचा जवळून, 2x वरच. चौथा उलट्या तळाचा, कारण चामड्याच्या वादीने केलेली शिवण तिथे दिसते आणि जाणकार गिऱ्हाईक तेच पाहतं. या चारांपैकी तिसऱ्यासाठी टेबल खिडकीकडे अर्धा फूट सरकवावं आणि पुठ्ठा काढून टाकावा. पोत दाखवायचा असेल तेव्हा सावली थोडी जास्त चालते. तळाच्या फोटोत मात्र पुठ्ठा परत आणावा, नाहीतर शिवण काळोखात जाते.

हीच मांडणी चकाकणाऱ्या मालाला जशीच्या तशी लागू पडत नाही. पितळी समई किंवा काचेची बरणी उजेड नुसता झेलत नाही, समोरचं सगळं आरशासारखं दाखवते. खिडकीचे गज, विक्रेत्याचा शर्ट, फोन. इथे खिडकीवर धोतर ताणणं जवळजवळ सक्तीचंच. मग समईच्या दांड्यावर गजांची जाळी न दिसता एक लांब, मऊ पांढरी रेघ दिसते आणि तीच पितळ असल्याची खूण ठरते. फोटो काढणाऱ्याने गडद, एकरंगी कपडे घालावेत हा सल्ला विनोदी वाटतो, पण समईच्या तबकात आपला लाल टीशर्ट एकदा दिसला की तो पटतो. लोणच्याच्या बरणीला उजेड किंचित मागून दिला तर तेल आणि फोडी आतून उजळतात. समोरून दिला तर फक्त काच दिसते.

फोटो झाल्यावर रंगाची तपासणी त्याच खिडकीपाशी करावी. चप्पल फोनशेजारी ठेवून दोन्ही एकाच वेळी पाहावीत. रात्री डोळ्यांना आराम देणारा पिवळा मोड फोनवर चालू राहिला असेल तर आधी बंद करावा. अनेक फोनच्या पडद्यावर रंग गडद करून दाखवणारी व्हिव्हिड सेटिंग मुळातच चालू असते, तीही नॅचरलवर आणावी. नाहीतर विक्रेता आपल्या भडक पडद्याला जुळवून फोटो फिका करत बसतो आणि गिऱ्हाइकाला तो फिकाच दिसतो. दुरुस्ती करायचीच तर व्हाइट बॅलन्सची, आणि तीही मागचा पांढरा कागद पांढरा दिसेपर्यंतच. रंगांचा गडदपणा वाढवणारी पट्टी चामड्याला हमखास नारिंगी करते. घरी पोचलेली चप्पल नारिंगी नसते.

व्हॉट्सॲपवर पाठवताना एचडी निवडावं, नाहीतर वेणीचे बारीक तपशील दाबून सपाट होतात. ॲमेझॉनसारख्या बाजारात मुख्य फोटोसाठी नियम वेगळे आहेत. तिथे पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते आणि वस्तूने चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. खिडकीतल्या उजेडात काढलेला कागद कितीही उजळ आला तरी शुद्ध पांढरा नसतो. कडेला हलका करडेपणा उरतोच, तो नंतर ॲपमध्ये पुसावा लागतो. पुसताना गोंड्याचे धागे आणि पट्ट्याची कड आधी कापली जाते, म्हणून तेवढा भाग पडद्यावर मोठा करून हाताने तपासावा. ॲमेझॉनसाठी एक पुसलेला फोटो आणि बाकीचे तीन सावलीसकट, असं करणाऱ्यांचं काम कमी होतं.

पावसाळ्यात ढगाळ दिवशी उजेड कमी पण फार सम असतो. काढायला सोपा, मात्र निळसर. त्या दिवसांत सकाळी दहा ते दुपारी तीन एवढ्याच वेळात काम आटोपावं आणि पुठ्ठा जरा लांब ठेवावा, कारण सावल्या आधीच सैल असतात. टेबलाचे पाय जिथे टेकतात तिथे फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवल्या आणि फोनच्या स्टँडचीही जागा आखून ठेवली, तर जूनमध्ये काढलेला जोड आणि दिवाळीच्या तोंडावर आलेला नवा माल एकाच कॅटलॉगमध्ये शेजारी-शेजारी ठेवता येतो. नव्या मालाच्या दिवशी आधी जुन्यापैकी एक चप्पल टेबलावर ठेवून तिचा फोटो घ्यावा आणि तो मागच्याशी ताडून पाहावा. रंग जुळला की मगच नवीन जोड काढावेत.